चवड्यावर उभे राहताना पोटरी किती ओढते? उडीतल्या ‘दुसऱ्या प्रकारच्या’ तरफेचा पेच

कृष्णाकाठ

नमस्कार. मी शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर वर्गाला जैवयांत्रिकी शिकवते. शरीरातील तरफा शिकवताना मी फेक, लाथ आणि उडी ही तीन उदाहरणे घेते. पहिल्या दोन उदाहरणांत अडचण येत नाही. या वर्षी उडीच्या उदाहरणावर मात्र वर्गातील एका विद्यार्थिनीने असा प्रश्न विचारला की त्याचे उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही.

बहुतेक पुस्तकांत असे दिलेले असते की टाच उचलताना पाऊल ही दुसऱ्या प्रकारची तरफ असते. चवडा हा टेकू, घोट्यावर शरीराचा भार आणि टाचेला पोटरीचे बल, अशी ती मांडणी. भार मध्ये असल्याने बलभुजा लांब, म्हणून कमी बलाने जास्त भार उचलला जातो, असे आपण सांगतो. विद्यार्थिनीने यावर आकडे घातले. साठ किलोची खेळाडू एका पायाच्या चवड्यावर उभी आहे, म्हणजे भार सुमारे 600 न्यूटन. चवड्यापासून घोट्याचे अंतर 12 सेंटिमीटर, घोट्यापासून टाचेमागच्या कंडरेचे अंतर 5 सेंटिमीटर. चवड्याभोवती आघूर्ण घेतल्यास 600 गुणिले 12 भागिले 17, म्हणजे सुमारे 424 न्यूटन. पोटरीला शरीराच्या वजनाहूनही कमी ओढावे लागते, असा त्याचा अर्थ.

त्यानंतर तिने तेच गणित घोट्याभोवती केले. जमीन चवड्याला 600 न्यूटनने वर ढकलते आणि कंडरा टाचेला वर ओढते. 600 गुणिले 12 भागिले 5, म्हणजे 1440 न्यूटन. तिने विचारले, “मॅडम, पाऊल तेच, माणूस तोच, मग टेकू बदलल्यावर उत्तर तिपटीहून अधिक कसे बदलते?” समतोलातील वस्तूचे आघूर्ण कोणत्याही बिंदूभोवती घेतले तरी उत्तर एकच यायला हवे, हे मीच त्यांना मागच्या सत्रात शिकवले होते. चूक नेमकी कुठे आहे आणि ती वर्गात कशी दाखवावी, हे कृपया सांगावे.

पहार

माझ्या मते पहिले उत्तर बरोबर आहे. हातगाडीचे चाक पुढे, माल मध्ये आणि दांडे मागे असतात. पाऊलही अगदी तसेच आहे. मी बांधकामावर हातगाडी बरीच ओढली आहे, त्यामुळे मालाच्या वजनाहून कमी बल लागते हे मी हातांनी अनुभवलेले आहे. घोट्याभोवती आघूर्ण घेणे मला योग्य वाटत नाही, कारण घोटा स्वतः वर जातो आणि चवडा जमिनीवर स्थिर असतो. जो बिंदू हलतो त्याला टेकू कसे म्हणायचे?

निवृत्त_यंत्रशाळा

पहार, तुमचे हातगाडीचे निरीक्षण खरे आहे, पण त्या उदाहरणात आणि पावलात एक मोठा फरक आहे. हातगाडीचे दांडे उचलणारा माणूस जमिनीवर उभा असतो, मालावर बसलेला नसतो. तो जितके वर ओढतो तितका त्याच्या पायांखालच्या जमिनीवरचा दाब वाढतो आणि मालाच्या वजनात काहीही फरक पडत नाही. आता कल्पना करा की तोच माणूस गाडीतल्या मालावर बसला आहे आणि तिथून हात मागे करून दांडे वर ओढतो आहे. तो 100 न्यूटनने वर ओढेल तेव्हा त्याचे शरीर गाडीवर 100 न्यूटनने अधिक दाबेल.

पोटरीची स्थिती या दुसऱ्या माणसासारखी आहे. तिचे एक टोक टाचेला आहे, तर दुसरे टोक नडगीच्या आणि मांडीच्या हाडाला, म्हणजे घोट्यावर उभ्या असलेल्या शरीरालाच जोडलेले आहे. ती टाचेला वर ओढते तेव्हा तितक्याच बलाने नडगीला खाली ओढते, आणि नडगी ते बल घोट्यावर टाकते. म्हणून घोट्यावरचा भार 600 नसून 600 अधिक पोटरीचे बल इतका असतो.

हा दुरुस्त केलेला भार घेऊन चवड्याभोवतीचे गणित पुन्हा करा. कंडरेचे बल 1440 असेल तर घोट्यावर 2040 न्यूटन येतात. 2040 गुणिले 12 म्हणजे 24,480, आणि 1440 गुणिले 17 म्हणजेही 24,480. दोन्ही बिंदूंभोवतीची उत्तरे जुळली. विद्यार्थिनीने टेकू बदलल्यामुळे उत्तर बदललेले नाही. पहिल्या मांडणीत एक बल लिहायचेच राहून गेले होते.

टेकू हलता असला तरी चालतो का, हा पहार यांचा प्रश्नही रास्त आहे. स्थिर उभे असताना घोटा, चवडा किंवा टाच यांपैकी कोणत्याही बिंदूभोवती आघूर्ण घेता येते, फक्त पावलावरची सगळी बले मोजलेली असली पाहिजेत. टेकू कशाला म्हणायचे हा नाव देण्याचा भाग आहे. बल किती, याचे उत्तर त्या नावावर अवलंबून नाही.

कृष्णाकाठ

आपले मनापासून आभार. ‘बल लिहायचे राहून गेले’ हे वाक्य मी वर्गात जसेच्या तसे सांगेन. तरीही एक शंका उरते. आकृतीत भार घोट्याच्या बरोबर वर दाखवलेला असतो. तो तिथे असणे तरी बरोबर आहे का?

खोखो_अंगण

मी गणितात फार पुढे नाही, पण खो-खोच्या सरावात आम्ही मुलांना एक गोष्ट नेहमी करायला लावतो. भिंतीकडे तोंड करून असे उभे राहायचे की पायाची बोटे, छाती आणि नाक भिंतीला टेकलेले असेल. मग हातांनी भिंत न धरता टाचा उचलायच्या. कोणालाच ते जमत नाही. धावता धावता खांब धरून वळणारे खेळाडूही तिथे खिळल्यासारखे राहतात. मुलांना वाटते पोटरीत ताकद नाही, पण एक पाऊल मागे घेतले की तीच मुले सहज चवड्यावर येतात. याचा आपल्या प्रश्नाशी संबंध आहे का?

निवृत्त_यंत्रशाळा

खोखो_अंगण, कृष्णाकाठ यांच्या शंकेचे उत्तर तुम्हीच दिले आहे. चवड्यावर उभे असताना जमीन फक्त चवड्याला वर ढकलते. म्हणून शरीराचे वजन ज्या रेषेतून खाली येते ती रेषा चवड्यातूनच गेली पाहिजे, नाहीतर माणूस मागे टाचांवर पडतो. टाच उचलण्यापूर्वी आपण नकळत शरीर पुढे झुकवतो. भिंतीमुळे ते झुकणे अडते, म्हणून टाच उचलली जात नाही.

पुस्तकातील आकृती खरी असती, म्हणजे वजन घोट्यावर आणि पोटरी मागून उचलणारी असती, तर भिंतीसमोर टाच उचलणे शक्य व्हायला हवे होते. ते होत नाही, यावरून ती मांडणी सजीव शरीराला लागू नाही हे वर्गातल्या प्रत्येकाला स्वतःच्या पायावर तपासता येईल. शरीर पुढे झुकल्याने वजन घोट्याच्या 12 सेंटिमीटर पुढे जाते, नडगी पुढे पडू पाहते, आणि पोटरी 5 सेंटिमीटरच्या भुजेने तिला मागे धरून ठेवते. हे गणित पायाच्या वरच्या भागापुरते केले तरी 1440 न्यूटनच येतात.

रानवारा७

मला गेले चार महिने सकाळी उठल्यावर टाचेच्या वरच्या बाजूला दुखते. मी कबड्डी खेळतो. वरील चर्चेवरून असे दिसते की पोटरीवर फार भार येतो. मग मी उड्या मारणे कायमचे बंद करावे का, की टाच उंच असलेले बूट घ्यावेत?

नाशिक_फिजिओ

रानवारा७, चार महिन्यांचे दुखणे इथे लिहून सुटणारे नाही. कृपया प्रत्यक्ष तपासून घ्या. उड्या कायमच्या बंद करण्याची वेळ सहसा येत नाही, पण किती आणि केव्हा हे तपासणीनंतरच ठरवता येईल.

मूळ विषयाबद्दल एक भर घालते. वरचे 1440 न्यूटन हे नुसते उभे राहण्याचे झाले. फिनलंडच्या युवॅस्क्युला विद्यापीठातील पावो कोमी यांनी 1990 च्या सुमारास स्वयंसेवकांच्या टाचेमागच्या कंडरेवर शस्त्रक्रियेने छोटे बलमापक बसवून थेट मोजमाप केले. धावताना कंडरेतील बल सुमारे 9000 न्यूटनपर्यंत, म्हणजे शरीराच्या वजनाच्या साडेबारा पटींपर्यंत गेलेले त्यांना आढळले. पाऊल ही बल वाचवणारी तरफ आहे असे मानले तर हा आकडा अशक्य वाटतो. जमिनीची प्रतिक्रिया वजनाच्या अडीच ते तीन पट आणि भुजांचे गुणोत्तर अडीचच्या आसपास किंवा अधिक, असे मानले तर त्याची साधारण पातळी समजते. दुखापतीच्या रुग्णांना व्यायाम देताना मी पहिल्या मांडणीवर विसंबले असते तर कंडरेवरचा भार कितीतरी कमी धरला असता.

जुनी_वही

मी तीस वर्षे हा विषय शिकवला आणि उत्तरपत्रिकाही तपासल्या. परीक्षेत ‘दुसऱ्या प्रकारच्या तरफेचे शरीरातील उदाहरण द्या’ हा प्रश्न येतोच, आणि त्याचे अपेक्षित उत्तर ‘चवड्यावर उभे राहणे’ हेच असते. मुलांना दोन गुण गमवायला लावण्यात मला अर्थ दिसत नाही. शिवाय 1440 आणि 2040 घेऊनही टेकू चवड्यावर ठेवला तर भार मध्येच येतो, म्हणजे तरफ दुसऱ्या प्रकारचीच राहते. मग पुस्तक चुकीचे कसे?

निवृत्त_यंत्रशाळा

हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे आणि काही अंशी मला मान्य आहे. टेकू चवड्यावर मानून भार 2040 न्यूटन लिहिला, तर तरफ दुसऱ्या प्रकारची म्हणता येईल आणि 1440 हे 2040 पेक्षा कमी आहेत हेही खरे. चूक पुढच्या वाक्यात होते, जेव्हा आपण ‘म्हणून पोटरीला वजनापेक्षा कमी बल लागते’ असे लिहितो. तो मोठा भार बहुतांशी पोटरीनेच निर्माण केलेला असतो. घोट्याला टेकू मानले तर तीच तरफ पहिल्या प्रकारची ठरते, बल मागे आणि जमिनीची प्रतिक्रिया पुढे. नाव बदलले तरी 1440 बदलत नाहीत.

कृष्णाकाठ

जुनी_वही सर, परीक्षेची अडचण मलाही आहे. पण वर्गात बसलेले विद्यार्थी उद्या प्रशिक्षक होणार आहेत. पोटरीचा व्यायाम ठरवताना त्यांनी 424 धरले काय आणि 1440 धरले काय, याचा परिणाम एखाद्या मुलीच्या पायावर होणार आहे. म्हणून मला दोन गुणांपेक्षा हा मुद्दा मोठा वाटतो.

मैदान_आणि_माती

प्रकारांच्या नावांनी फेकीतही असाच घोळ होतो. मी भालाफेक शिकवतो. कोपर सरळ करणारा दंडामागचा स्नायू कोपराच्या मागच्या टोकाला जोडलेला असतो, म्हणजे टेकू मध्ये, एका बाजूला बल आणि दुसऱ्या बाजूला हात. ही पहिल्या प्रकारची तरफ झाली. विद्यार्थी लगेच लिहितात की पहिल्या प्रकारच्या तरफेत बलाचा फायदा होतो, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर पहार असते.

प्रत्यक्षात त्या स्नायूची भुजा सुमारे 2 सेंटिमीटर आणि कोपरापासून मुठीचे अंतर सुमारे 35 सेंटिमीटर आहे. 800 ग्रॅमचा भाला डोक्यामागे, दंड उभा आणि कोपरापुढचा हात आडवा ठेवून नुसता धरला, तरी भाल्याच्या 8 न्यूटनसाठी स्नायूला सुमारे 140 न्यूटन लावावे लागतात. हाताचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही. म्हणजे बलाचा तोटा सतरा पटींहून अधिक. तरफ कोणत्या प्रकारची आहे यावरून फायदा कळत नाही. भुजा मोजल्या तरच तो कळतो.

पण याच तोट्यातून वेग मिळतो. स्नायूचे टोक 1 सेंटिमीटर सरकले की मूठ सतरा सेंटिमीटर सरकते. माझे आजोबा शेतात गोफणीने पाखरे उडवत, तेव्हा तेही याच कारणाने दोरी लांब ठेवत असत.

पहार

हातगाडीवर बसलेल्या माणसाचे उदाहरण वाचल्यावर माझी चूक लक्षात आली. आता मला असे विचारायचे आहे की बलाचा इतका तोटा होत असेल, तर टाच लांब असणारा खेळाडू अधिक चांगली उडी मारत असेल ना? बलभुजा 5 ऐवजी 6 सेंटिमीटर झाली तर पोटरीला 1440 ऐवजी 1200 न्यूटनच लागतील.

नाशिक_फिजिओ

स्थिर उभे राहण्यासाठी तुमचे गणित बरोबर आहे, पण वेगवान हालचालीत ते अपुरे पडते. सब्रिना ली आणि स्टीफन पियाझा यांनी 2009 मध्ये वेगवान धावपटूंची तुलना इतरांशी केली, तेव्हा धावपटूंच्या टाचेमागच्या कंडरेची बलभुजा सुमारे एक चतुर्थांशाने लहान आणि पायाची बोटे लांब आढळली. म्हणजे तरफ आणखी ‘तोट्याची’.

याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते. स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितके त्याचे बल घटते, हे ए. व्ही. हिल यांनी 1938 मध्ये दाखवले. भुजा लहान असली की घोटा तितकाच वळण्यासाठी स्नायूला कमी आखडावे लागते, तो हळू आखडतो आणि म्हणून अधिक बल देऊ शकतो. भुजेमुळे झालेला तोटा यातून किती भरून निघतो, हे हालचालीच्या वेगावर अवलंबून आहे. उंच उडी, लांब उडी आणि जागेवरून उडी यांत उत्तर एकच असेल असे मी म्हणणार नाही.

खोखो_अंगण

लाथेचेही असेच असते का? फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना मी मांडीचे स्नायू बळकट करायला सांगतो, पण बळकट मांडीच्या मुलाची लाथ नेहमीच जोरदार बसत नाही.

मैदान_आणि_माती

लाथेत तरफेची आकृती लवकर थकते. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेची भुजा सुमारे 4 सेंटिमीटर, आणि गुडघ्यापासून चेंडूला लागणाऱ्या पावलाचे अंतर सुमारे 40 सेंटिमीटर. प्रमाण एकास दहा. आघाताच्या सुमारास गुडघा सेकंदाला 1500 अंशांच्या आसपास वेगाने सरळ होत असतो. त्या वेगाने पाऊल गुडघ्याच्या तुलनेत सेकंदाला सुमारे 10 मीटर जाते, पण कुशल खेळाडूच्या पावलाचा एकूण वेग 18 ते 20 मीटर असतो. उरलेला वेग गुडघा स्वतः पुढे जात असल्याने, म्हणजे मांडी आणि कंबरेच्या हालचालीतून येतो.

शिवाय त्या वेगाला मांडीच्या पुढच्या स्नायूला सेकंदाला सुमारे 1 मीटरने आखडावे लागेल, आणि तिथे तो फारसे बल देऊच शकत नाही. आधी मांडी वेग घेते, मग ती मंदावते आणि पोटरीचा भाग चाबकासारखा पुढे जातो. तुमच्या मुलाची मांडी बळकट असली तरी ती मंदावण्याची वेळ चुकली तर लाथ बसणार नाही. एका सांध्याची तरफ काढून हे दाखवता येत नाही, आणि विद्यार्थ्यांना हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

जुनी_वही

कृष्णाकाठ, वर्गात दाखवण्यासाठी एक साधन सुचवतो. मी स्वतः पुस्तकातल्या बाजूने बोललो असलो तरी हा प्रयोग मला करून पाहायचा आहे. 51 सेंटिमीटरची फळी घ्या. पुढच्या टोकापासून 36 सेंटिमीटरवर बिजागरीने एक उभी लाकडी पट्टी बसवा, म्हणजे भुजांचे प्रमाण 12 आणि 5 हेच राहील. फळीच्या मागच्या टोकाला दोरी आणि मध्ये सामानाचे वजन करायचा काटा लावा. पहिल्या वेळी 5 किलोचे वजन बिजागरीच्या बरोबर वर ठेवून दोरी वेगळ्या उभ्या स्टँडला बांधा. दुसऱ्या वेळी उभ्या पट्टीला वर पुढे-मागे जाणारा आडवा दांडा जोडा. वजन त्याच्या पुढच्या टोकाला, फळीच्या पुढच्या टोकाच्या बरोबर वर टांगा, आणि दोरी त्याच्याच मागच्या टोकाला बांधा. फळी आडवी राहील असा बोटाचा हलका आधार द्यावा लागेल.

निवृत्त_यंत्रशाळा

उत्तम रचना आहे. साधनाचे स्वतःचे वजन सोडल्यास पहिल्या वेळी काटा सुमारे साडेतीन किलो दाखवील आणि दुसऱ्या वेळी 12 किलो. दोरी उभी आणि पट्टीला समांतर राहील याची काळजी घ्या, नाहीतर आकडा थोडा बदलेल. वजन पुढे न टांगता बिजागरीवरच ठेवून दोरी दांड्याला बांधली, तर फळी मागे पडेल. तीही चूक मुद्दाम करून दाखवा, कारण तेच भिंतीसमोर घडते.

कृष्णाकाठ

सर्वांच्या सूचना वहीत उतरवल्या आहेत. सोमवारी आधी सगळ्यांना भिंतीसमोर उभे करीन, मग फळी आणि काटा, आणि गणित शेवटी. उडी घेताना जमिनीची प्रतिक्रिया टाचेकडून चवड्याकडे सरकते, त्यामुळे भारभुजा उडीभर वाढत जाते. सुरुवातीला ती 5 सेंटिमीटर असेल तर पोटरीचे बल आणि प्रतिक्रिया समान असतात, आणि शेवटी ते प्रमाण अडीचच्या जवळ जाते. हे फळीवर दाखवण्यासाठी पुढचा आधार सरकता करता येईल का? वजनही त्याच्या वरच राहावे म्हणून ते दांड्यावर तितकेच सरकवावे लागेल, असे मला वाटते.

जुनी_वही

होय, तसेच करावे लागेल. फळीखाली गोल दांडा ठेवून तो प्रत्येक वेळी 5 सेंटिमीटर मागे घ्या, वरचे वजनही तितकेच मागे घ्या, आणि काट्याचा आकडा फळ्यावर लिहीत जा. आकडे आल्यावर ते इथेही लिहावेत ही विनंती. प्रश्नपत्रिकेतील त्या दोन गुणांबद्दल मात्र माझे मत अजून बदललेले नाही.